चिनोज, क्युलॉट, पलाझो की जोधपूर? टेप लावून पँट ओळखा

ऑनलाइन दुकानात पँटला कोणतं नाव द्यायचं हे विक्रेत्याच्या मर्जीवर असतं. एकच पँट एका ठिकाणी ‘पलाझो’, दुसरीकडे ‘क्युलॉट’ आणि सेलच्या दिवसांत ‘क्युलॉट पलाझो’ होते. त्यामुळे नाव बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी बघा: आसन किती, पाय कुठे रुंद आणि कुठे अरुंद, आणि कापड कसं पडतं. याच क्रमाने बघितलं तर घोळ होत नाही. लागणारं साहित्य म्हणजे शिंप्याची टेप, सपाट टेबल आणि पँट अडकवायला एक खुंटी.

पहिली पायरी: आसन मोजा

चारही शिलाया जिथे दोन पायांच्या मध्ये एकत्र येतात, तिथपासून पुढच्या बाजूने कमरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा. टेप शिलाईच्या वळणावरून न्यायची, सरळ ताणायची नाही. शिंपी याला पुढचं आसन म्हणतात, वेबसाइटच्या तक्त्यात हेच ‘राइज’ म्हणून येतं. मागचं आसन नेहमी जास्त असतं, कारण बसताना मागे कापड लागतं. इलॅस्टिक असेल तर ते ओढू नका, सैल सोडूनच मोजा.

चिनोजचं पुढचं आसन साधारण 10 ते 11 इंच भरतं. पँट कमरेच्या जरा खाली बसते आणि पुढून सपाट दिसते. क्युलॉट आणि पलाझो बहुतेक खऱ्या कमरेवर, म्हणजे बेंबीच्या आसपास बसवलेल्या असतात. त्यांचं आसन 12 इंचांच्या पुढे जातं. म्हणून 13 इंच आकडा दिसला की चिनोज जवळजवळ बाद झाली.

इथे एक फसगत होते. धोती सलवारीचं आसनही मोठं असतं, पण ते वर कमरेकडे न जाता खाली मांड्यांमध्ये झोळ धरून लोंबतं. फक्त आकडा बघून ते कळणार नाही, पँट घालूनच बघावी लागते.

दुसरी पायरी: पायाची तीन मापं

पँट टेबलावर पसरून सुरकुत्या हाताने सारख्या करा. एका पायाची आडवी रुंदी तीन ठिकाणी घ्या: आसनाच्या लगेच खाली मांडीला, गुडघ्याला आणि बॉटमला. गुडघ्याची जागा आसनापासून 12-13 इंच खाली धरा. आतल्या शिलाईचा निम्मा हिशेब लावू नका. आखूड पँटमध्ये तो निम्मा बिंदू मांडीवर येतो आणि पुढचं सगळंच चुकतं.

आता आकड्यांचा कल बघा. चिनोजमध्ये ते खाली हळूहळू कमी होतात, उदाहरणार्थ 34 कमरेला मांडी साडेबारा, गुडघा 9, बॉटम पावणेआठ. पलाझोत उलट: मांडीपासूनच रुंदी तशीच राहते किंवा वाढत जाते. गुडघ्यापर्यंत तंग आणि तिथून अचानक पसरलेली पँट ही पलाझो नाही, बेलबॉटम आहे. आणि गुडघ्यावर आडवी शिलाई घेऊन खाली चुण्यांचा घेर जोडला असेल तर तो गरारा.

जोधपूरचा कल या सगळ्यांहून वेगळा, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबू. मांडीला भरपूर फुगा, गुडघ्यापाशी एकदम आवळ आणि पोटरीपासून घोट्यापर्यंत पायाला चिकटलेली. मांडीची रुंदी गुडघ्याच्या जवळपास दुप्पट दिसली तर दुसरा पर्याय शोधायला नको. या विचित्र आकारामागे कारण आहे. ताणणारं कापड मिळत नव्हतं तेव्हा खोगिरावर बसताना मांड्या फाकवायला आणि कंबर वाकवायला जागा लागे ती फुग्यातून मिळे. खाली मात्र सैल कापड पोटरीखाली गोळा होऊन कातडी सोलवटू नये म्हणून पाय आवळलेला. जोधपूरचे सर प्रतापसिंह 1897 साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवासाठी पोलोचा संघ घेऊन इंग्लंडला गेले आणि ही पँट तिथल्या स्वारांच्या नजरेत भरली. ती घोट्यापर्यंत येते, त्यामुळे तिच्यावर आखूड बूट चालतात. पोटरीवरच संपणाऱ्या ब्रीचेसवर मात्र लांब बूट घालावे लागतात.

चुडीदारशी तिची गल्लत होते. चुडीदारचा पाय तुमच्या पायापेक्षा मुद्दाम लांब ठेवतात, म्हणजे घोट्यावर चुण्या पडतात. जोधपूरमध्ये चुण्या नसतात. हल्ली घोडेस्वारीसाठी विकल्या जाणाऱ्या जोधपूर ताणणाऱ्या कापडाच्या असतात, त्यांत फुगा उरलेलाच नाही, तिथे ही मापाची कसोटी लागू पडणार नाही. आणि लग्नाच्या दुकानात ‘जोधपुरी’ म्हणतात तो बंद गळ्याचा कोट असतो. त्याखालची पँट बहुधा साधीच असते.

तिसरी पायरी: खुंटीला टांगून पडणं बघा

कमरपट्टी धरून पँट टांगा आणि दहा पावलं मागे जा. चिनोजचं कापड सुती ट्विल, जवळून बारीक तिरक्या रेघा दिसणारं. ते घट्ट असल्याने पाय स्वतःचा आकार धरून सरळ लोंबतो.

खरी परीक्षा क्युलॉट आणि पलाझो वेगळ्या काढताना होते, कारण आसन आणि पायाचे आकडे दोन्हींत सारखे येऊ शकतात. क्युलॉटचा हेतूच स्कर्टसारखं दिसून पाय मोकळे ठेवण्याचा. 1931 साली लिली दे आल्वारेझ विम्बल्डनवर एल्सा स्कियापारेल्लीने शिवलेला असा दुभागलेला स्कर्ट घालून खेळली. त्यामुळे चांगल्या क्युलॉटचं कापड जरा कडक असतं, पुढे मधोमध प्लीट असते आणि उभं राहिलं की दोन पाय आहेत हे कळत नाही. लांबी गुडघा ते अर्धी पोटरी. पलाझोला नाव मिळालं ते 1960च्या सुमारास रोममध्ये आयरीन गालित्झिनने केलेल्या रेशमी पोशाखातून. तिचं कापड मऊ, आजकाल रेयॉन, क्रेप किंवा जॉर्जेट. टांगल्यावर त्याच्या उभ्या नळ्या पडतात, चालताना पाय वेगवेगळे लहरतात आणि लांबी घोट्याच्या खाली जाते.

एक उदाहरण सोडवू

उंची पाच फूट दोन इंच असलेल्या मैत्रिणीने मागवलेली पँट घ्या, लेबलवर ‘क्युलॉट पलाझो’. पुढचं आसन 13 इंच, मांडी 14, गुडघा 15, बॉटम साडेसोळा, आतली शिलाई 19. आसनावरून चिनोज बाद, वाढत्या पायावरून जोधपूर बाद. तिच्या उंचीला घोट्यापर्यंत साधारण 27 इंच आतली शिलाई लागते, म्हणजे पँट घोट्याच्या 8 इंच वर, पोटरीवर संपते. एवढ्यावरून कुणीही क्युलॉट म्हणेल. पण टांगल्यावर पातळ रेयॉनच्या अरुंद नळ्या पडल्या, पुढे प्लीट नाही आणि दोन्ही पाय दुरूनच वेगळे दिसले. म्हणजे ही आखूड पलाझो.

ऑफिसला स्कर्टसारखी दिसावी म्हणून घेतली असेल तर परत करावी. अस्तर लावल्याने ती अंगाला चिकटणार नाही, पण कडक होणार नाही. लांबी कमी करणं, बॉटम आवळणं शिंपी अर्ध्या तासात करतो. आसन मात्र वाढत नाही, कारण तिथे मार्जिन जेमतेम अर्धा इंच असतं. म्हणून मापांच्या तक्त्यात राइजचा आकडा दिला नसेल, तर तो विक्रेत्याला विचारूनच ऑर्डर करा.