दोन सेंटिमीटरचा एक फूट: शाळेच्या भिंतीवर चित्र मोठं करताना

साताऱ्यातल्या शाळेची १४ फूट लांब, ८ फूट उंच भिंत आहे आणि तिच्यावर अजिंक्यतारा, मागे उगवता सूर्य असं चित्र काढायचंय, असं धरू. कागदावरचं चित्र २४ × १६ सेंमी. कागदावर दोन सेंटिमीटरच्या आणि भिंतीवर एक फुटाच्या चौकटी आखून, एकेक चौकट बघत ते मोठं करायचं. दोन सेंटिमीटरला एक फूट धरला, तर ते १२ × ८ फूट होतं. भिंतीचे दोन फूट उरतात. इथेच नवखे लोक चौकटी रुंद करून चित्र भिंतभर ताणतात आणि सूर्य अंड्यासारखा होतो. कागदावरचा चौकोन चौरस असेल, तर भिंतीवरचाही चौरसच हवा. उरलेली जागा दोन्ही बाजूंना एकेक फूट सोडा, तिथे पट्टी रंगवता येते.

चौकटी मूळ चित्रावर नको, झेरॉक्सवर आखा. झेरॉक्समध्ये आकार थोडा कमी-जास्त होतो, म्हणून २४ सेंमी आहेत ना, ते आधी मोजून घ्या.

भिंतीवर फरशीपासून मापं घेऊ नका, व्हरांड्याच्या फरशीला बहुतेक वेळा उतार असतो. गवंड्याच्या लेव्हल पाइपने आडवी रेषा आणि ओळंब्याने उभी रेषा पक्की करा. मग १२ × ८ च्या आयताचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही साधारण १४ फूट ५ इंच यायला हवेत. एक मोठा, एक लहान आला तर आयत तिरका झालाय.

फुटाच्या खुणा फूटपट्टी पुढे सरकवत करू नका. दर वेळी दोन मिलिमीटर चुकले, तर बाराव्या खुणेपर्यंत जवळपास अडीच सेंटिमीटर फरक पडतो. टेप एकदाच ताणून धरा आणि सगळ्या खुणा एका टोकापासून करा. रेषा खडूच्या भुकटीत बुडवलेल्या दोरीने मारा. गेरू नको, फिकट रंगातून तो वर येतो. उभ्या रकान्यांना आकडे, आडव्या ओळींना अक्षरं कागदावर आणि भिंतीवर सारखीच लिहा.

चौकटीत काय दिसतं ते बघून काढू नका. गडाची कड चौकटीची बाजू कुठे कापते, एक तृतीयांशावर की मध्यावर, एवढंच बघून टिंबं द्या आणि मग जोडा. तटबंदीसारख्या बारीक भागापुरत्या चौकटी अर्ध्या करा: एक सेंटिमीटरला सहा इंच. सूर्य मात्र चौकटींनी जोडू नका. कागदावर त्रिज्या दीड सेंटिमीटर असेल तर भिंतीवर नऊ इंच, म्हणजे खिळा आणि दोरीने काम होतं.

इथे प्रत्येक माप सुमारे १५ पट होतं. कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलरेघ भिंतीवर पाऊण सेंटिमीटर जाड होते. म्हणून कडा रेघेच्या आतल्या बाजूने धरायच्या की बाहेरच्या, हे आधीच ठरवा, नाहीतर दोघांनी काढलेले भाग जुळणार नाहीत. प्रत्येक ओळ झाली की वीसेक फूट मागे जाऊन बघा. एक चौकट सरकलेली असेल तर गडाची कड अचानक पायरीसारखी तुटलेली दिसते. ती खडूतच दुरुस्त करा, रंग लागल्यावर तेच काम दुप्पट होतं.