बेदाण्याच्या करारात सॉफ्टवेअरची कलमं: या चुका टाळा

एआयकडून लिहून घेतलेले करार हल्ली सांगलीच्या बेदाणा व्यापारातही दिसू लागलेत. भाषा इतकी सफाईदार की वाचणारा बिनधास्त सही करतो. पूर्वी जुन्या फाइलमधून उचललेल्या करारात आधीच्या पार्टीचं नाव कुठंतरी राहायचं, आणि त्यावरून उसनवारी पकडली जायची. इथं तसा डाग सापडत नाही. म्हणून प्रत्येक कलम या मालाला लागू पडतं का, तेच तपासावं लागतं.

एक उदाहरण धरू. व्यापारी १५ किलोचे १,००० बॉक्स कोल्ड स्टोरेजला ठेवतो. दर किलोला १५० रुपये धरला, तर माल साडेबावीस लाखांचा झाला. करारात एक कलम असतं: ‘सेवा पुरवठादाराची जबाबदारी मागील बारा महिन्यांत मिळालेल्या शुल्कापुरती मर्यादित राहील.’ हे कलम सॉफ्टवेअरच्या करारातलं आहे. वर्षाचं भाडं ७० हजार धरा. कूलिंग बंद पडून बेदाणा काळा पडला, तर स्टोरेजवाला ७० हजारांवर हात झटकू पाहणार. दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्यानं शहाण्या माणसानं स्वतःच्या मालाची घ्यावी तेवढी काळजी घ्यायची, असं १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १५१ सांगतं. त्यावर कोर्टात भांडता येईल, पण ती लढाई सही करण्याआधीच टाळता आली असती. इथं भरपाई मालाच्या बाजारभावाशी जोडायला हवी होती.

याच करारात ‘बौद्धिक संपदा’ आणि ‘गोपनीय डेटा’ यांवर पानभर मजकूर असतो, पण बेदाणा किती अंशांवर ठेवायचा, आवक-जावकेची पावती कोण देणार, वजनातली घट किती मान्य, यावर चकार शब्द नसतो. माझ्या मते ही उसनवारीची सर्वांत पक्की खूण. फालतू कलम खोडता येतं, पण जे लिहिलंच नाही ते नजरेतून सहज सुटतं.

पुराचं तसंच. ‘अनपेक्षित नैसर्गिक आपत्ती’त जबाबदारी नाही, असं छापील वाक्य असतं. २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या सांगलीत कृष्णेचा पूर अनपेक्षित म्हणणारा माणूस बाहेरगावचाच! आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. तेव्हा गोदाम पूरपट्ट्यात असेल, तर पाणी ४० फुटांवर गेल्यावर माल कुणी हलवायचा, हमालीचा आणि गाडीभाड्याचा खर्च कुणाचा, हे लिहून घ्या.

शेवटी कलमं एकमेकांशी ताडून बघा. एका कलमात वाद लवादाकडे, ठिकाण मुंबई, आणि चार कलमांपुढं ‘सर्व वाद फक्त सांगलीच्या न्यायालयात’. दुसऱ्या पानावर ‘साठवणूकदार’ असलेला माणूस पाचव्या पानावर ‘विक्रेता’ होतो. ‘परिशिष्ट अ’चा उल्लेख तीनदा, पण ते जोडलेलं नाही. बॉक्सची संख्या, प्रत आणि वजन त्याच परिशिष्टात यायचं असतं, त्यामुळं ते हातात पडल्याशिवाय पेन उघडू नका.