‘आईची आठवण येते’ म्हणताना: मँडरिनचा तिसरा टोन

चार टोन कोणते, त्यांच्या खुणा कशा असतात, हे मँडरिन शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच कळतं. त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. मी इथे एकाच जागेबद्दल लिहिणार आहे, ती म्हणजे तिसरा टोन. माझे सगळ्यात जास्त महिने याच जागी गेले आणि अजूनही घाईत बोलताना मला तिथे सावध राहावं लागतं. उच्चार देवनागरीत लिहिते आणि टोनचा आकडा शब्दाला जोडते.

‘मला तुझी आठवण येते’ हे वाक्य असं आहे: वो३ श्यांग३ नी३. आता श्यांग चौथ्या टोनमध्ये गेला, तर त्याचा अर्थ ‘सारखं असणं, दिसणं’ असा होतो. नी दुसऱ्या टोनमध्ये गेला, तर त्याचा अर्थ चिखल. म्हणजे वो३ श्यांग४ नी२ म्हणणारा समोरच्याला प्रेमाने सांगत असतो, ‘मी चिखलासारखा आहे.’ मराठी माणसाच्या तोंडून नेमकं हेच निघण्याची शक्यता मोठी आहे, कारण आपल्याकडे सुराचं काम भावना दाखवणं हे आहे. आठवण खरी आहे हे ठसवायला आपण मधल्या शब्दावर जोर देतो, तो वरून खाली येतो आणि झाला चौथा टोन. मग लाडिकपणे शेवटचा शब्द वर उचलतो, तो झाला दुसरा.

चिखलाचं वाक्य तरी बरं, कारण ते निरर्थक असल्यामुळे ऐकणारा थांबतो आणि पुन्हा विचारतो. धोका आहे वो३ श्यांग३ मा१मा या वाक्यात: ‘मला आईची आठवण येते.’ इथे श्यांग चौथा झाला, तर वाक्य होतं ‘मी आईसारखी दिसते.’ हे पूर्ण अर्थाचं, रोजच्या बोलण्यातलं वाक्य आहे. ऐकणारा मान डोलावतो, पुढे बोलतो, आणि चूक झाल्याचं दोघांनाही कळत नाही. ‘संदर्भाने समजून घेतात, टोनचं एवढं मनावर घेऊ नका’ असं सांगणारे अनुभवी लोक भेटतील. या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका.

आता सापळा नीट उलगडते. पुस्तकात तिसऱ्या टोनचं चित्र खाली जाऊन पुन्हा वर येणाऱ्या रेषेचं असतं. भाषाशास्त्रज्ञ युएन रेन चाओ यांच्या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर तो २-१-४ असा लिहितात. आपल्या आवाजातली सर्वात खालची पट्टी १ आणि सर्वात वरची ५. हे चित्र खरं आहे, पण शब्द एकटा म्हटला किंवा वाक्याच्या शेवटी आला तरच. पुढे पहिला, दुसरा किंवा चौथा टोन असेल तर शेवटची चढण गळते आणि उरतो फक्त खालचा आवाज, २-१. पुढे तिसराच टोन असेल तर आधीचा शब्द चक्क दुसऱ्या टोनसारखा चढतो. आणि पुस्तकात खूण मात्र तिसऱ्याचीच छापलेली असते, कारण पिनयिनमध्ये हा बदल लिहायची पद्धत नाही. जे छापलंय ते जसंच्या तसं वाचणारा प्रामाणिक विद्यार्थी इथे हमखास अडकतो.

याचा परिणाम आईच्या वाक्यावर पाहा. ‘आठवण येते’ मध्ये वो च्या पुढे तिसरा टोन आहे, म्हणून वो चढतो आणि श्यांग तळाशी राहतो. ‘सारखी दिसते’ मध्ये वो च्या पुढे चौथा टोन आहे, म्हणून वो तळाशी राहतो आणि श्यांग ५ वरून १ वर कोसळतो. म्हणजे दोन्ही वाक्यांतला फरक वो पासूनच सुरू होतो. तुम्ही वो खाली दाबून म्हटला, की चिनी कान पुढे तिसरा टोन येणार नाही अशी तयारी करतो. श्यांगवर कितीही मेहनत घ्या, वो चुकला तर अर्धी बाजी गेलेली असते. ही गोष्ट मला कोणी सुरुवातीला सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

सरावाचं म्हणाल तर सुटे शब्द घोकणं लवकर सोडा. जोड्या घ्या: चार टोनच्या मागे चार टोन, अशा सोळा. एकदा तिसरा-तिसरा ही जोडी दुसरा-तिसरा सारखीच ऐकू येते हे पटलं, की उरतात पंधराच, म्हणजे काम आवाक्यातलं आहे. मग एकच वाक्य घेऊन शेवटचा शब्द बदला. वो श्यांग नी३, तुझी आठवण येते. इथे श्यांग चढतो. वो श्यांग था१, त्याची आठवण येते. इथे श्यांग तळाशी. वो श्यांग च्या१, घराची आठवण येते, पुन्हा तळाशी. त्यानंतर वो आय४ नी३, माझं तुझ्यावर प्रेम आहे. इथे वो तळाशी आणि आय कोसळणारा. तळाचा आवाज बरोबर लागला की घसा थोडा खरखरतो. ती खरखर दाबू नका, अनेक चिनी माणसांच्या तिसऱ्या टोनमध्येही ती असते.

बरोबर झालं की नाही हे कसं कळणार? शिक्षकांना विचारून फारसं कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कुठला धडा चालू आहे हे त्यांना ठाऊक असतं, त्यामुळे त्यांना सगळंच समजतं. त्याऐवजी मँडरिन मातृभाषा असलेल्या कोणाच्या तरी पुढे ‘आठवण येते’ आणि ‘सारखी दिसते’ असे दोन कागद ठेवा, मनाला येईल त्या क्रमाने वाक्यं म्हणा आणि त्यांना फक्त बोट ठेवायला सांगा. बोट चुकीच्या कागदावर गेलं तर वाद घालू नका.

कोणी नसेल तर Praat हा मोफत प्रोग्रॅम आहे. आवाज रेकॉर्ड करा, View & Edit उघडा, Pitch दाखवायला सांगा. चिनी माणसाचं तेच वाक्य शेजारी ठेवा आणि श्यांगची रेषा कुठून सुरू होते तेवढंच पाहा: वरून सुरू झाली असेल तर तो चौथा. ‘श’ वर रेषा दिसत नाही, ती पुढच्या स्वरापासून दिसते. घशाच्या खरखरीत रेषा तुटते किंवा भलतीकडे उडी मारते. तो प्रोग्रॅमचा दोष आहे, तुमचा नाही, घाबरू नका.

फोनवर चिनी टाइप करता येतं म्हणून टोन येतात असं समजू नका. woxiangni टाइप केलं की टोन न विचारताच बरोबर अक्षरं समोर येतात. एचएसके परीक्षेच्या पहिल्या सहा पातळ्यांच्या पेपरातही बोलावं लागत नाही. बोलण्याची एचएसकेके ही वेगळी परीक्षा आहे, आणि माझ्या मते ती आधी द्यावी. गाण्यांवरून टोन शिकू नका, चालीत ते बरेचसे विरघळतात.

शेवटी वो३ हन३ श्यांग३ नी३ घ्या, ‘तुझी खूप आठवण येते.’ चारही तिसरे. सुरुवातीला दोन-दोनचे गट करा: वो चढता, हन तळाशी, श्यांग चढता, नी तळाशी. गटाच्या मध्ये किंचित थांबलात तरी चालेल. नी मात्र दुसऱ्या टोनसारखा थेट वर उचलू नका.