रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट? टायपिंग टेस्टसाठी हात कशावर बसवायचा

क्लर्क-टायपिस्टची तयारी करणारी मुलं-मुली मला सारखं विचारतात की ताई, जुनं टाइपरायटरवालं शिकू की इनस्क्रिप्ट. मी शिकले रेमिंग्टनवर, नोकरीत आल्यावर इनस्क्रिप्टवर आले आणि आता दिवसभर त्याच्यावरच टाइप करते, त्यामुळे दोन्हींचं जे माहितीये ते सांगते.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. टायपिंगचं सर्टिफिकेट वेगळं आणि भरतीतली टायपिंगची चाचणी वेगळी. सर्टिफिकेटची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, ती GCC-TBC, आणि मराठी 30 चं सर्टिफिकेट बहुतेक क्लर्कच्या जाहिरातीत मागतात. त्याचे क्लासवाले बहुतेक ठिकाणी रेमिंग्टनच शिकवतात, तुम्ही मागितलं म्हणून तुमच्या एकटीसाठी वेगळं कोणी शिकवत बसत नाही. भरतीतली चाचणी मात्र जी संस्था भरती करते ती घेते, आणि कुठली मांडणी चालेल हे त्या जाहिरातीत किंवा चाचणीच्या सूचनापत्रात लिहिलेलं असतं. कुठे दोन्हींचा पर्याय असतो, कुठे नसतो. म्हणून सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, ते पान स्वतः उघडून वाचा.

आता फरक नेमका काय ते एका शब्दावर बघू. निर्णय. टाइपरायटरच्या पद्धतीत अक्षर कागदावर जसं दिसतं त्या क्रमाने बोटं चालतात, म्हणजे पहिली वेलांटी आधी, मग न, मग अर्धा ण, त्याला काना लावला की पूर्ण ण होतो, मग त्याच्यावरचा रफार, शेवटी य. अर्धं अक्षर अधिक काना ही युक्ती ख, ध, भ, श अशा बऱ्याच अक्षरांना आहे, कारण मशीनवर बटणं मोजकी होती, प्रत्येक अक्षराला पूर्ण आणि अर्धं अशी दोन बटणं देणं परवडणारं नव्हतं. इनस्क्रिप्टमध्ये तोच शब्द आपण उच्चारतो तसा जातो: न, वेलांटी, र, हलन्त, ण, य. कीबोर्डवर हे असं:

```
v  f  j  d  Shift+C  /
```

रफारासाठी वेगळं काही शोधायचं नाही, र दाबून हलन्त दिलं की पुढच्या अक्षरावर तो आपोआप चढतो. दुसऱ्या हा शब्द बघा, यातला अर्धा र नवीन मुलांना नेहमी अडवतो. साधा र आणि हलन्त देऊन य मारला तर दुसर्या असं येतं आणि ती चूक धरली जाते. इथे ऱ लागतो, तो Shift+J वर आहे:

```
o  g  m  Shift+J  d  /  e
```

इनस्क्रिप्टची रचना सरळ आहे, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं जास्त करून उजव्या हाताला, त्यामुळे एक हात व्यंजन मारतो तेवढ्यात दुसरा मात्रेवर तयार असतो आणि लय पटकन बसते. पण म, न आणि ण ही अक्षरं डावीकडे गेलीत, c आणि v वर. त्यामुळे मनाने हा साधा शब्द अख्खा डाव्या हाताने मारावा लागतो, c v e v s, आणि मधलं बोट खालून वर उडी मारतं. स्पीड तुटतो तो अशाच शब्दांवर, जोडाक्षरांवर नाही, म्हणून मनाने, नामनिर्देशन, मान्य, नमुना असे शब्द वेगळे काढून रोज मारा. आणि त्र साठी Shift+6 आहे पण तिकडे हात नेऊ नका, l d j मारलं तरी तोच त्र येतो आणि बोटं होम रोवरून हलत पण नाहीत.

रेमिंग्टनवाल्यांना दुसरीच अडचण येते. रेमिंग्टन म्हणजे एकच मांडणी नाही, हिंदीची वेगळी, मराठीची वेगळी, त्यात परत GAIL, CBI अशी नावं, आणि काही बटणं इकडची तिकडे असतात. क्लासमध्ये ज्या चार्टवर शिकलात तोच चार्ट परीक्षेत आहे का हे नाव बघून तपासा. दुसरं म्हणजे जुना फॉन्ट की युनिकोड हे बघा. ओळखायचं सोपं आहे, चार ओळी टाइप करा आणि फॉन्ट बदलून Mangal करा. मराठी तशीच राहिली तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा काला झाला तर तुमची प्रॅक्टिस जुन्या फॉन्टवर चाललीय. परीक्षा युनिकोडमध्ये असेल तर जुन्या फॉन्टची सवय त्रास देते, कारण तिथे काही अक्षरं Alt धरून नंबर मारून काढायची सवय लागलेली असते. आणि युनिकोडमध्ये वेलांटी आधी मारली तरी आत साठवताना ती न च्या नंतर जाते, त्यामुळे बॅकस्पेस दाबलं की न च्या आधी वेलांटी उडते. पहिल्यांदा बघणारा गोंधळतो आणि तिथे चार-पाच सेकंद जातात.

मग निवडायचं कसं? ज्यांचा रेमिंग्टनवर हात बसलाय, 30 च्या आसपास स्पीड येतोय आणि जाहिरातीत ती मांडणी चालते, त्यांनी अजिबात बदलू नका. टेस्टच्या तोंडावर मांडणी बदलली की महिनाभर तरी दोन्हीकडचा स्पीड जातो. ज्यांना आधी सर्टिफिकेटच काढायचंय त्यांनी क्लासमध्ये जे आहे ते शिका आणि पास होऊन मोकळे व्हा. पण ज्यांनी कशालाच हात लावलेला नाही, किंवा फक्त गुगलवर namaskar लिहून नमस्कार आणायची सवय आहे, आणि चाचणीत इनस्क्रिप्टचा पर्याय आहे, त्यांनी माझ्या मते इनस्क्रिप्टच घ्यावं. कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यायला लागत नाही, विंडोजमध्येच येतं, आणि कुठल्याही ऑफिसच्या कॉम्प्युटरला बसलात तरी मांडणी तीच. दोन्ही एकदम मात्र शिकू नका, ि कधी आधी आणि कधी नंतर हे बोटांना कळेनासं होतं.

विंडोजमध्ये मराठी लँग्वेज टाकताना नीट बघा, आता Marathi Phonetic नावाचा कीबोर्डपण येतो आणि तो इनस्क्रिप्ट नाही. k दाबून कळणार नाही, दोन्हीकडे क च येतो. j दाबा. र आला तर इनस्क्रिप्ट, ज आला तर फोनेटिक लागलाय.

प्रॅक्टिसचं गणित असं ठेवा. 30 शब्द म्हणजे मिनिटाला 150 की, एक शब्द पाच कींचा धरतात. 10 मिनिटांची चाचणी असेल तर 1500 की. पहिले दोन-तीन आठवडे स्पीड मोजूच नका, फक्त बटणाकडे न बघता अक्षर येतंय का तेवढं बघा, पाहिजे तर कीबोर्डवर रुमाल टाका. नंतर शासन निर्णयातले उतारे घ्या, कारण परीक्षेचे उतारे साधारण त्याच भाषेत असतात, अनुषंगाने, कार्यान्वित, प्राधिकरण वगैरे. रोज तासभर केलंत तर दोन-अडीच महिन्यांत 25 च्या पुढे जाता, आणि तिथून 30 ला नेताना बॅकस्पेस किती वेळा दाबला ते मोजायला लागा, कारण प्रत्येक बॅकस्पेसला एक की मागे आणि एक परत पुढे असं दुहेरी नुकसान होतं.