एल्डन रिंगमध्ये रोल मारूनही मार बसतोय? या चुका टाळा

मार्गिट या बॉसने काठी वर उचलली, तुम्ही लगेच रोल मारला, तरी काठी बसली आणि अर्धी हेल्थ गेली. अशा वेळी पहिला संशय हिटबॉक्सवर जातो. पण बहुतेक वेळा हिटबॉक्स बरोबर असतो आणि रोल लवकर सुटलेला असतो.

हत्याराला चिकटलेला एक अदृश्य आकार असतो, तो हिटबॉक्स. वार प्रत्यक्ष फिरत असतो तेवढाच वेळ तो चालू असतो. तो तुमच्या पात्राच्या शरीराला लागला की डॅमेज. रोलच्या सुरुवातीच्या काही फ्रेम मात्र गेम हा स्पर्श मोजतच नाही. त्या फ्रेम म्हणजे आय-फ्रेम. एल्डन रिंगमध्ये हलक्या आणि मध्यम लोडच्या, म्हणजे अंगावरच्या सामानाच्या वजनाच्या, रोलला त्या १३ मिळतात, सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशेबाने. म्हणजे साधारण ०.४३ सेकंद. त्यानंतर पात्र अजून जमिनीवर लोळत असतं, उठत असतं, दिसायला डॉज चालूच असतो, पण संरक्षण संपलेलं असतं. मार तिथेच बसतो.

मार्गिटचा तो वार नेमका यावरच बेतलेला आहे. काठी वर जाते, हवेत थांबते आणि मग खाली येते. काठी उचललेली बघून रोल मारला, तर ती खाली येईपर्यंत तुमच्या आय-फ्रेम संपून गेलेल्या असतात. घाबरून बटण दोनदा दाबलं तर आणखी वाईट, कारण गेम दुसरा दाब लक्षात ठेवतो आणि पहिला रोल संपताच दुसरा काढतो, तुम्हाला हवा असो वा नसो. म्हणून काठी उचलण्याकडे बघूच नका. ती खाली यायला सुरुवात झाली की एकदाच दाबा.

खात्री करायची असेल तर क्लिप रेकॉर्ड करा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. क्लिप सेकंदाला ६० फ्रेमची असेल तर रोल सुरू झाल्यापासून साधारण २६ फ्रेम तुम्ही सुरक्षित असता. मार त्यानंतर बसला असेल, तर तुम्ही लवकर दाबलं. रोल सुरू व्हायच्या आधीच बसला असेल, तर उशिरा.

उशीर झाला असेल तर बटण कसं दाबता तेही तपासा, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. कंट्रोलरवर रोल आणि धावणं एकाच बटणावर आहे: दाबून धरलं की धाव, दाबून पटकन सोडलं की रोल. म्हणजे रोल दाबताक्षणी होत नाही, बोट उचलल्यावर होतो. ताणाखाली बटण घट्ट दाबून ठेवायची सवय असेल, तर प्रत्येक रोल तेवढाच उशिरा निघतो. टिचकी मारल्यासारखं दाबा आणि सोडा.

आता दिशा. मार्गिटपासून मागे पळणारा रोल सुरक्षित वाटतो, पण त्याची काठी लांब आहे आणि मागे जाताना तुम्ही बऱ्याचदा तिच्या टोकाच्या टप्प्यातच राहता. आडव्या वारात, काठी ज्या दिशेला फिरतेय त्याच दिशेला रोल मारला तर हिटबॉक्स तुमच्यासोबतच प्रवास करतो आणि ०.४३ सेकंद पुरत नाहीत. वाराच्या उलट दिशेला, त्याच्या अंगाजवळून रोल मारा. हिटबॉक्स तुमच्यातून पटकन आरपार जातो, शिवाय तुम्ही त्याच्या पाठीशी निघता आणि एक फटका मारायला जागा मिळते.

एकच फटका म्हणतोय, कारण पुढचा प्रश्न स्टॅमिनाचा. हिरवी पट्टी रिकामी होईपर्यंत हल्ला करत राहिलात, तर पुढच्या वाराला रोल निघतच नाही. पट्टीत थोडीशी शिल्लक असली तरी रोल निघतो, पण तो तुम्हाला उणेमध्ये नेतो आणि पट्टी आधी ती उधारी फेडते, मग भरायला लागते. एका रोलपुरता स्टॅमिना नेहमी राखून ठेवा. ढाल वर धरून ठेवली तर स्टॅमिना हळू भरतो, त्यामुळे गरज नसताना ती खाली घ्या. आणि मोकळ्या मैदानात, शत्रू आसपास नसताना केलेल्या सरावावर भरवसा ठेवू नका: तिथे धावायला स्टॅमिना लागतच नाही, बॉससमोर लागतो.

शेवटी वजन. आय-फ्रेम वाढतील म्हणून चिलखत उतरवून लोड ३० टक्क्यांच्या खाली नेणारे बरेच जण आहेत. हलका रोल जास्त लांब जातो हे खरं, पण आय-फ्रेम मध्यम रोलइतक्याच असतात. माझं मत विचाराल तर मार्गिटसाठी मध्यम लोड आणि अंगावर बरं चिलखत हाच चांगला सौदा आहे. फक्त ७० टक्क्यांची रेषा ओलांडू नका. त्यापुढच्या जड रोलमध्ये उठायला इतका वेळ लागतो की मार्गिटचा पुढचा वार तुम्हाला जमिनीवरच गाठतो. नवीन तलवार किंवा ढाल हातात घेतली की स्टेटसच्या पानावर लोड एकदा बघून घ्या. कालपर्यंत जमत असलेला डॉज आज अचानक जमेनासा झाला, तर सगळ्यात आधी हेच तपासायचं.