पत्र्याचं खेळणं कधीचं? फोटो पोटाचा मागवा

महाद्वार रोडच्या जुन्या घरातल्या माळ्यावर पत्र्याची मोटार सापडली की लोक फोटो पाठवतात तो समोरून, झकास उजेडात. त्यातून रंग कळतो, काळ नाही. आधी पोटाचा, म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूचा फोटो मागा.

समजा, खिडक्यांत माणसं छापलेली आहेत, चावीला भोक नाही आणि खाली ‘MADE IN JAPAN’ आहे. भोक नाही म्हणजे बहुधा ढकलून सोडायची, फ्रिक्शनची गाडी. नुसत्या ‘JAPAN’वरून दशक ठरत नाही, पण १९५०-६० च्या दशकांत अशा गाड्या तिथून भरपूर बाहेर पडल्या. ‘OCCUPIED JAPAN’ असेल तर मात्र काळ आवळला जातो, कारण अमेरिकी ताबा एप्रिल १९५२ मध्ये संपला. ‘MS’ आणि पुढे तीन आकडे म्हणजे चिनी माल. इथं जपून, तेच नमुने कितीतरी वर्षं निघत राहिले.

मग जोड बघा. जुन्या गाडीचे भाग पत्र्याच्या जिभा खाचेतून काढून दुमडलेले असतात. जिभेच्या घडीवर रंग उडून गंज आला असेल तर बरं लक्षण. सगळीकडं सारखाच तपकिरी गंज असेल तर मला शंका येते. जीभ दोनदा वाकवल्यासारखी दिसली, तर गाडी कुणीतरी उघडलेली आहे.