ट्रेझरीत नवे आहात? ड्युरेशन एकदा हाताने काढा

मुंबईत बँकेच्या ट्रेझरीत रुजू होणाऱ्या मुलांकडून मी सुरुवातीलाच एक आकडेमोड कागदावर करून घेते. दर वाढले की रोख्याचा भाव पडतो हे सगळ्यांना पाठ असतं. किती पडतो, हे मात्र पटकन सांगता येत नाही.

दर्शनी किंमत १०० रुपये, वर्षाला ७ रुपये व्याज आणि ३ वर्षं मुदत, असा रोखा घ्या. हाती येणार ७, ७ आणि शेवटी १०७. बाजारदर ७ टक्के असताना या रकमांचं आजचं मूल्य ६.५४, ६.११ आणि ८७.३४, मिळून १०० रुपये. आता दर ८ टक्के झाला. नवा रोखा ८ रुपये देत असताना तुमचा ७ रुपयांचा रोखा कुणी १०० ला का घेईल? व्याज ठरलेलं आहे, बदलू शकतो तो फक्त भाव. नव्या दराने तो ९७.४२ निघतो.

हे २.५८ रुपये कुठून गेले ते बघा. पहिल्या हप्त्याचे जेमतेम ६ पैसे गेले, शेवटच्या रकमेचे मात्र २.४० रुपये. पैसा जितका लांबचा, तितक्या जास्त वर्षांचा वाढीव दर त्याला लागतो.

हे 'लांब असणं' ड्युरेशन मोजतं. प्रत्येक आजच्या मूल्याला त्याच्या वर्षाने गुणा, बेरीज करा आणि भावाने भागा. इथे उत्तर येतं २.८१ वर्षं. त्याला १.०७ ने भागलं की २.६२, हे मॉडिफाइड ड्युरेशन. म्हणजे दर १ टक्का वाढला तर भाव अंदाजे २.६२ टक्के पडेल. याच व्याजाच्या १० वर्षांच्या रोख्याचं मॉडिफाइड ड्युरेशन ७.०२ येतं.

४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर रेपो ४ वरून ४.४० टक्के केला. त्या दिवशी १० वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड साधारण पाव टक्का चढलं. ड्युरेशन ७ धरलं तर शंभरामागे पावणेदोन रुपये. रेपो ०.४० ने वाढला म्हणून गुणाकारात ०.४० घालू नका. घालायचा तो त्या रोख्याच्या स्वतःच्या यील्डमधला बदल.

एक्सेलमध्ये `DURATION` वर्षं देतं, `MDURATION` भावाची टक्केवारी. नवखे हमखास पहिलं वापरतात. पडताळणी सोपी आहे: नव्या दराने भाव पूर्ण काढून अंदाजाशी ताडा. साध्या, ठरावीक व्याजाच्या रोख्यात दर वाढल्यावरची खरी घट अंदाजापेक्षा थोडी कमीच असते, कारण भाव आणि यील्डचं नातं सरळ रेषेचं नसून वक्र आहे. वरच्या १० वर्षांच्या रोख्यात अंदाज ७.०२, प्रत्यक्ष ६.७१. घट अंदाजापेक्षा जास्त दिसली, तर आकडेमोड पुन्हा तपासा.